रिकाम्या जागांमध्ये क्रियापदाचे वचन आणि आर्टिकल पुन्हा पुन्हा का चुकते : कारणे, तपासणी आणि उपाय

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी पूर्ण करून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांच्या व्याकरणाच्या वह्या तपासताना एक चूक सातत्याने दिसते, आणि ती दहावीपर्यंतच नव्हे तर पुढे नोकरीच्या स्पर्धा परीक्षांपर्यंत त्यांच्याबरोबर जाते. ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नात ‘द मँगो ____ स्वीट’ असे वाक्य आले की मूल बिनचूक ‘इज’ लिहिते, परंतु ‘द बॉक्स ऑफ मँगोज ____ हेवी’ असे वाक्य आले की तेच मूल ‘आर’ लिहून मोकळे होते. त्याच वाक्यात आर्टिकलचीही जागा रिकामी ठेवलेली असेल, तर उत्तराची शक्यता जवळजवळ नाणेफेकीवर जाते. शिक्षक ‘कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद एकवचनी’ हा नियम पुन्हा सांगतात, मूल तो पाठ म्हणून दाखवते आणि पुढच्या चाचणीत पुन्हा ‘आर’ लिहिते. नियम ठाऊक असूनही चूक टिकून राहते, याचा अर्थ दोष नियमाच्या पाठांतरात नसून कर्ता ओळखण्याच्या पद्धतीत आहे, आणि उपायही तिथेच करावा लागतो.

चुकीचे मूळ

मराठीत नामाची सगळी विशेषणे, षष्ठीची रूपे आणि ‘येणारा’, ‘झालेला’ यांसारखी धातुसाधिते नामाच्या आधी येतात आणि मुख्य नाम गटाच्या शेवटी येते. ‘आंब्यांची पेटी जड आहे’ या वाक्यात ‘आंब्यांची’ हा शब्द आधी येऊन गेला आणि क्रियापदाच्या बाजूला ‘पेटी’ उरली. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या मुलाच्या मनात, कोणी न शिकवता, अशी सवय तयार झालेली असते की क्रियापदाच्या सर्वांत जवळचे नाम पाहावे आणि त्याचे वचन क्रियापदाला द्यावे. मराठीत ही सवय बहुतेक वेळा बरोबर ठरते. कोकणीची रचनाही या बाबतीत तशीच असल्यामुळे घरात कोकणी आणि शाळेत मराठी अशा मुलाची ही सवय दोन्हीकडून पक्की होते.

इंग्रजीत हा क्रम उलटा आहे. तिथे मुख्य नाम आधी येते आणि त्याला चिकटणारे ‘ऑफ मँगोज’, ‘विथ हिज फ्रेंड्स’, ‘हू हॅव पास्ड’ हे सगळे मागाहून येते, म्हणजेच मुख्य नाम आणि क्रियापद यांच्या मध्ये घुसते. मुलाची सवय मात्र जुनीच असते. ते क्रियापदाच्या अलीकडचा शब्द पाहते, तिथे ‘मँगोज’ दिसतो आणि ‘आर’ लिहिले जाते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. म्हणून अवघड रिकाम्या जागा बहुधा अशाच ठिकाणी असतात, जिथे मुख्य नाम आणि क्रियापदाच्या शेजारचे नाम यांची वचने वेगवेगळी आहेत.

याला आणखी एक कारण जोडलेले आहे. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याकडे नव्हे, तर कर्माकडे पाहते. ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने आंबे खाल्ले’ या वाक्यांत मुलगी एकच आहे, तरी क्रियापद बदलले. क्रियापद नेहमी कर्त्याचेच ऐकते ही गोष्ट म्हणूनच मराठीभाषक मुलाला स्वाभाविक वाटत नाही; ती इंग्रजीपुरती मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. एक दिलासा असा की इंग्रजीत हा मेळ फार थोड्या जागी दिसतो. वर्तमानकाळातील ‘इज, आर’, ‘हॅज, हॅव’, ‘डझ, डू’ आणि सामान्य क्रियापदाच्या अंती येणारा ‘एस’, तसेच भूतकाळात केवळ ‘टू बी’ या क्रियापदाची दोन रूपे, एवढाच तो पसारा आहे. ‘वेन्ट’, ‘कॅन’, ‘विल’ यांना वचनाशी काही देणेघेणे नसते. म्हणून रिकाम्या जागेत कोणता काळ अपेक्षित आहे हे आधी पाहावे; पुष्कळदा वचनाचा प्रश्नच उरत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे

एकाच विद्यार्थ्याच्या चुका एकत्र मांडून पाहिल्या की त्यांच्यात एक ठसा दिसतो. ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर’ आणि ‘द कीज ऑफ द हाऊस इज’ अशा दोन्ही दिशांच्या चुका असतील आणि प्रत्येक वेळी लिहिलेले वचन शेजारच्या नामाचे असेल, तर वर सांगितलेली शेजारच्या नामाची सवय हेच कारण आहे. ‘माय फादर आर’ किंवा ‘सर हॅव कम’ अशी चूक असेल, तर मूल कर्ता ओळखते, पण मराठीतील आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेते. ‘वडील आले आहेत’, ‘बाई आल्या आहेत’ हे त्याच्या कानात बसलेले असते आणि इंग्रजीत आदराने वचन बदलत नाही हे त्याला स्पष्टपणे सांगितलेले नसते. ‘ही गो टू मार्केट’ अशी चूक असेल, तर नामाच्या अनेकवचनाचा ‘एस’ आणि क्रियापदाच्या एकवचनाचा ‘एस’ यांची गल्लत झालेली असते. या तीन दुखण्यांवर एकच औषध चालत नाही. दुसरे आणि तिसरे थोड्या सरावाने जाते. पहिले मात्र चिवट आहे, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

उपाय : फक्त कर्त्याचा गट मराठीत आणणे

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘ऑफ’पासून पुढचा भाग कंसात टाकावा असे सांगितलेले असते. तो उपाय चांगला आहे, पण ‘अ नंबर ऑफ’ किंवा ‘मोस्ट ऑफ’ आले की तो विद्यार्थ्याला तोंडघशी पाडतो. मराठी विद्यार्थ्याला त्याहून भरवशाचे साधन उपलब्ध आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. वाक्यातील कर्त्याचा गट, म्हणजे क्रियापदाच्या रिकाम्या जागेच्या आधीचा भाग, सरळ, बोलीतल्या मराठीत म्हणावा आणि त्या गटातले शेवटचे नाम कोणते हे पाहावे. तेच मुख्य नाम. क्रियापद त्याच्या वचनाचे लिहावे.

‘द बॉक्स ऑफ मँगोज’ म्हणजे ‘आंब्यांची पेटी’. शेवटी पेटी, म्हणून ‘इज’. ‘द टीचर अलाँग विथ द स्टुडंट्स’ म्हणजे ‘विद्यार्थ्यांसह शिक्षक’. शेवटी शिक्षक, आणि इथे आदरार्थी बहुवचन विसरायचे, म्हणून ‘इज’. ‘ईच ऑफ द बॉइज’ म्हणजे ‘मुलांपैकी प्रत्येक मुलगा’, म्हणून ‘हॅज’. ‘वन ऑफ माय ब्रदर्स’ म्हणजे ‘माझ्या भावांपैकी एक’, म्हणून ‘वर्क्स’. मात्र त्याच वेळी ‘भावांपैकी’ या अनेकवचनी रूपावरून हेही कळते की ‘वन ऑफ’च्या पुढच्या रिकाम्या जागेत ‘ब्रदर’ नव्हे, तर ‘ब्रदर्स’ हवे.

या रीतीचे खरे मोल ‘ऑफ’च्या फसव्या उदाहरणांत कळते. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ मराठीत ‘विद्यार्थ्यांची संख्या’ होते, आणि संख्या एकच असते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ मात्र ‘अनेक विद्यार्थी’ होते, कारण तिथे ‘अ नंबर ऑफ’ हा सगळा तुकडा मोजमाप सांगणाऱ्या विशेषणाचे काम करतो आणि मुख्य नाम ‘स्टुडंट्स’ हे असते. हाच खरा नियम आहे: ‘ऑफ’च्या आधीचा शब्द स्वतः वस्तूचे नाव असेल तर क्रियापद त्याचे, आणि तो केवळ ‘किती’ हे सांगत असेल तर क्रियापद ‘ऑफ’नंतरच्या नामाचे. ‘मोस्ट ऑफ द बोट्स’ म्हणजे ‘बहुतेक होड्या’, म्हणून ‘आर’. ‘मोस्ट ऑफ द वॉटर’ म्हणजे ‘बहुतेक पाणी’, म्हणून ‘इज’. ‘हाफ ऑफ द मँगो’ आणि ‘हाफ ऑफ द मँगोज’ यांचे ‘अर्धा आंबा’ आणि ‘अर्धे आंबे’ असे मराठी रूप केले की नियम आठवण्याची गरजच उरत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी: संपूर्ण वाक्याचे भाषांतर करू नये. ‘ईच ऑफ द बॉइज हॅज टू बुक्स’ याचे पूर्ण मराठी ‘प्रत्येक मुलाकडे दोन पुस्तके आहेत’ असे होते, आणि त्यातले ‘आहेत’ पाहून मूल ‘हॅव’ लिहिते. मराठीत मालकी सांगताना वस्तू हीच व्याकरणदृष्ट्या कर्ता होते आणि भूतकाळात ‘ने’ लागून कर्त्याचा क्रियापदाशी संबंध तुटतो. म्हणून मराठी क्रियापदाकडे मुळीच न बघता केवळ कर्त्याच्या गटापुरतेच थांबावे.

एक वाक्य पूर्ण सोडवून

समजा प्रश्न असा आहे: ‘____ लिस्ट ऑफ द स्टुडंट्स हू ____ पास्ड ____ बीन पुट अप ऑन द नोटीस बोर्ड.’ पहिल्या जागेत आर्टिकल आणि पुढच्या दोन जागांत ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लिहायचे आहे. वर्गात हे वाक्य दिल्यावर दोन्ही जागी ‘हॅव’ किंवा दोन्ही जागी ‘हॅज’ अशी उत्तरे हमखास येतात, कारण एका वाक्यात क्रियापदाचे वचन एकच असणार असे मुले गृहीत धरतात.

कर्त्याचा गट मराठीत आणला की तो ‘उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची यादी’ असा होतो. शेवटचे नाम ‘यादी’ आहे, म्हणून जी गोष्ट फलकावर लावली गेली ती यादी, आणि शेवटची रिकामी जागा ‘हॅज’. मधल्या जागेसाठी वेगळा प्रश्न विचारायचा: ‘झालेल्या’ हा शब्द कोणाला चिकटला आहे? तो विद्यार्थ्यांना चिकटला आहे, यादीला नाही. यादी उत्तीर्ण होत नाही. इंग्रजीत ‘हू’ या शब्दाला स्वतःचे वचन नसते, तो ज्या नामाच्या जागी उभा असतो त्याचे वचन घेतो, आणि इथे ते नाम ‘स्टुडंट्स’ आहे. म्हणून मधली जागा ‘हॅव’. पहिल्या जागेत ‘द’, कारण कोणती यादी हे वाक्याने स्वतःच सांगून टाकले आहे. एकाच वाक्यात ‘हॅव’ आणि ‘हॅज’ शेजारी आले तरी त्यात विसंगती नाही. दोन क्रियापदांचे कर्ते वेगळे आहेत.

याच जातीचे, परंतु अधिक कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू ____ फ्रॉम वाळपई बाय बस’. इथे ‘कम’ की ‘कम्स’? ‘वन’ पाहून बहुतेकजण ‘कम्स’ लिहितात. मराठीत म्हणून पाहावे: ‘वाळपईहून बसने येणाऱ्या मुलींपैकी ती एक आहे.’ ‘येणाऱ्या’ हे रूप मुलींना लागले आहे, येणाऱ्या अनेकजणी आहेत, म्हणून ‘कम’. हेच वाक्य ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू’ असे सुरू झाले, तर मराठी आपोआप बदलते: ‘मुलींपैकी वाळपईहून येणारी ती एकटीच आहे.’ आता ‘येणारी’ तिच्या एकटीला लागले, म्हणून ‘कम्स’. इंग्रजी लेखनात पहिल्या प्रकारच्या वाक्यात एकवचनही पुष्कळ आढळते, हे खरे आहे. परंतु परीक्षेतील व्याकरणाचा प्रश्न ज्या नियमावर उभा असतो त्यानुसार तिथे अनेकवचनच सुरक्षित आहे.

ही रीत जिथे फसते

मराठी आणि इंग्रजीत एखाद्या वस्तूचे वचनच वेगळे असेल, तर ही रीत मुख्य नाम बरोबर शोधून देते, पण त्याचे वचन चुकीचे सांगते. मराठीत केस लांब ‘आहेत’ आणि पैसे टेबलावर ‘आहेत’. इंग्रजीत ‘हेअर’ आणि ‘मनी’ दोन्ही न मोजता येणारी नामे असल्याने ‘इज’ घेतात. उलट मराठीत कात्री एक आणि पँटही एक, पण ‘सिझर्स’ आणि ‘ट्राउझर्स’ इंग्रजीत अनेकवचनी आहेत. अशी नामे फार नाहीत. ती भेटतील तशी वहीच्या मागच्या पानावर नोंदवत जावीत. ‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ यांच्याबाबत मात्र अडचण नाही, मराठीत ‘बातमी’ आणि ‘गणित’ एकवचनीच आहेत. तिथे शेवटचा ‘एस’च फसवतो.

दुसरी फसवी जागा रकमेची आणि मापाची. ‘टू हंड्रेड रुपीज ____ इनफ’ या वाक्याचे मराठी ‘दोनशे रुपये पुरेसे आहेत’ असे होते, आणि रुपये अनेकवचनी आहेत. इंग्रजी मात्र दोनशे रुपयांकडे एक रक्कम म्हणून पाहते आणि ‘इज’ म्हणते. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’ हेही तसेच. ‘एक किलो आंबे’ या मराठी गटात शेवटी आंबे आहेत, तरी ‘अ किलो ऑफ मँगोज’ला इंग्रजीत एकवचनच मिळते, कारण किलो हे माप तिथे मुख्य नाम मानले जाते. नाणी किंवा नोटा एकेक करून मोजायच्या असतील, तरच अनेकवचन येते.

आर्टिकल जिथे क्रियापदाचा निकाल देते

मराठीत आर्टिकल, म्हणजे ज्याला आपली व्याकरणे उपपद म्हणतात ते, नाही. ‘एक’ आणि ‘तो’ हे शब्द गरज पडली तरच येतात. त्यामुळे विद्यार्थी आर्टिकलकडे वाक्याची सजावट म्हणून पाहतात आणि क्रियापद भरताना त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. परंतु काही वाक्यांत क्रियापदाचे वचन ठरवणारा एकमेव पुरावा म्हणजे आर्टिकलच असतो, आणि वर सांगितलेली मराठी रीत तिथे मुकी होते.

‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर ऑफ द क्लब ____ इन द ऑफिस’ हे वाक्य घ्यावे. मराठीत ‘क्लबचे चिटणीस व खजिनदार’ असे म्हटल्यावर माणसे एक की दोन हे कळत नाही. इंग्रजीत ‘द’ एकदाच आला आहे, म्हणजे दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत, म्हणून ‘इज’. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ असे असते, तर माणसे दोन आणि क्रियापद ‘आर’. मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. ‘द ब्राइड अँड ग्रूम’मध्येही ‘द’ एकदाच आहे, आणि वधू-वर एक व्यक्ती असू शकत नाहीत. तिथे ‘आर’च हवे. एक माणूस ती दोन्ही पदे भूषवू शकतो का, हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर ‘हो’ असेल तरच आर्टिकल मोजावे.

‘मेनी अ फिशरमन ____ लॉस्ट हिज नेट’ या वाक्याचे मराठी ‘कित्येक मच्छीमार’ असे अनेकवचनी होते, पण ‘फिशरमन’च्या मागे ‘अ’ उभा आहे, आणि ‘अ’ लागलेले नाम एकवचनीच असते, त्यामुळे ‘हॅज’. पुढचा ‘हिज’ही त्याला दुजोरा देतो. याच्या उलट ‘द इंजर्ड ____ बीन टेकन टू बांबोळी’ या वाक्यात ‘द’नंतर नाम नसून विशेषण आहे. ‘द’ आणि विशेषण मिळून त्या प्रकारची सगळी माणसे असा अर्थ होतो, जखमी एकापेक्षा अधिक ठरतात, म्हणून ‘हॅव’. ‘द पुअर’, ‘द ओल्ड’, ‘द ब्लाइंड’ यांचेही असेच.

सर्वांत अडचणीचा प्रकार म्हणजे ‘____ नंबर ऑफ टूरिस्ट्स ____’ अशा दोन्ही जागा रिकाम्या असणे. ‘अ’ आणि ‘आर’ ही एक जोडी, ‘द’ आणि ‘इज’ ही दुसरी. जोड्यांची अदलाबदल होऊ शकत नाही, पण यांपैकी कोणती घ्यायची हे वाक्याच्या उरलेल्या भागावरून ठरवावे लागते. पुढे ‘वेटिंग ॲट द फेरी जेट्टी’ असेल, तर धक्क्यावर थांबू शकतात ती माणसे, संख्या नव्हे. म्हणून पहिली जोडी. पुढे ‘लोअर दॅन लास्ट इयर’ असेल, तर कमी असू शकते ती संख्या, म्हणून दुसरी. पुढे केवळ ‘इन्क्रीजिंग’ असेल तर अभिप्रेत उत्तर बहुतेक वेळा दुसरी जोडी असते, कारण वाढते ती संख्याच.

‘अ’, ‘ॲन’ की ‘द’

‘द’ कधी लिहावा याविषयी एवढे ध्यानात ठेवावे की वाचणाऱ्याच्या मनात ‘कोणता?’ हा प्रश्न उरत असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’, आणि वाक्याने किंवा आधीच्या वाक्याने त्याचे एकच उत्तर दिलेले असेल तर ‘द’. ‘ऑफ’ दिसला की ‘द’ लिहावा, असा सोपा नियम काही मार्गदर्शकांत सांगितला जातो. तो अर्धवट आहे. ‘द प्राइस ऑफ धिस फिश’ बरोबर, कारण त्या मासळीचा भाव एकच असतो, परंतु ‘आय बॉट ____ बॉक्स ऑफ मँगोज’ इथे ‘अ’ हवा, कारण आंब्यांच्या पेट्या पुष्कळ असतात आणि कोणती हे सांगितलेले नाही. व्यवसाय सांगताना आर्टिकल सर्वाधिक गळते. ‘माझा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे’ यात ‘एक’ म्हणण्याची गरज नाही, म्हणून ‘माय ब्रदर इज इलेक्ट्रिशियन’ असे लिहिले जाते; इंग्रजीत मोजता येणारे एकवचनी नाम असे उघडे उभे राहू शकत नाही, तिथे ‘ॲन’ लागतोच. विशेषनामांपैकी नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा ‘द’ घेतात, जसे द मांडवी, द झुआरी, द अरेबियन सी. राज्य, शहर आणि एकेकटे तलाव तो घेत नाहीत, म्हणून गोवा, म्हापसा, मये लेक. ‘द वेस्टर्न घाट्स’ अनेकवचनी असल्यामुळे ‘आर’ घेतात, ‘द युनायटेड स्टेट्स’ मात्र एक देश म्हणून ‘इज’.

‘अ’ की ‘ॲन’ हा निर्णय स्पेलिंगवर नसून उच्चारावर असतो, हे सगळ्यांना सांगितलेले असते, तरीही ‘ॲन युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ अवर’ या चुका होतात, कारण मुलाच्या डोळ्यासमोर रोमन अक्षरे असतात. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहिला की भ्रम जातो. देवनागरी रूपाचे पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर, एक्स-रे स्वराने सुरू होतात, म्हणून त्यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीएससी, वन-वे यांच्या आरंभी य आणि व आहेत, म्हणून त्यांना ‘अ’. यात अट एकच, उच्चार शुद्ध असावा. आपल्याकडे ‘एक’चा ‘येक’ होतो, त्याच चालीवर काहीजण एल, एम, एस ही अक्षरे यल, यम, यस अशी उच्चारतात. तसे म्हणणारा विद्यार्थी ‘अ एमएलए’ लिहितो आणि आपण नियम पाळला असेच त्याला वाटते. आर्टिकल ज्याच्या लगेच आधी आहे तोच शब्द तपासावा, नाम नव्हे: ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’.

उत्तरसूचीशी मतभेद होणाऱ्या जागा

‘नायदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स ____’ अशा वाक्यात क्रियापद जवळच्या नामाचे ऐकते, म्हणून ‘आर’. नावांचा क्रम उलटला तर ‘इज’. शेजारच्या नामाची जुनी सवय इथे प्रथमच उपयोगी पडते, आणि गंमत अशी की सराव करून ती मोडलेले विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. ‘देअर ____ टू फेरीज ॲट द जेट्टी’ यात कर्ता क्रियापदाच्या नंतर आहे, म्हणून गट पुढे शोधावा.

खरा वाद ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’ या समूहवाचक नामांवर होतो. ब्रिटिश इंग्रजीत त्यांच्यापुढे अनेकवचनही चालते, अमेरिकन इंग्रजीत सहसा एकवचन. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत दोन्ही मतांची उदाहरणे भेटतात. अशा वेळी उत्तर अंदाजाने न भरता वाक्यात पुढे येणारे सर्वनाम पाहावे. ‘द टीम ____ प्राउड ऑफ इट्स रेकॉर्ड’ यात ‘इट्स’ आहे, म्हणजे संघ एक मानला आहे आणि ‘इज’ हवे. ‘द कमिटी ____ डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’ यात ‘देअर’ आहे, म्हणजे सदस्य वेगवेगळे मानले आहेत आणि ‘आर’ हवे. असे कोणतेच सर्वनाम नसेल, तर शालेय आणि भरती परीक्षांत एकवचन लिहावे.